दाढीनंतरच्या पुटकुळ्या: केस परत कातडीत का शिरतो?

दाढी केल्यावर एक-दोन दिवसांत गळ्यावर आणि जबड्याखाली बारीक पुटकुळ्या उठतात, खाज सुटते. मग ब्लेड बदललं जातं, तुरटी फिरते, अँटिसेप्टिक लागतं. पण पुष्कळदा तिथे जंतूंचा काही संबंधच नसतो. आपलाच केस कातडीत परत घुसलेला असतो, आणि शरीर त्याला बाहेरचा काटा समजून सूज आणतं.

राठ, कुरळ्या दाढीवाल्यांना हा त्रास जास्त. कुरळा केस तिरका बाहेर येतो, कापल्यामुळे त्याचं टोक अणकुचीदार होतं, आणि वाढता वाढता वळून ते शेजारच्या कातडीत रुततं. दुसरी वाट आणखी छुपी आहे. दोन-तीन पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस किंचित ओढून धरतं आणि पुढचं तो कापतं. उरलेला केस मागे सरकतो, टोक कातडीच्या पातळीखाली जातं आणि आतूनच बाजूला घुसतं. कातडी ताणून दाढी केली किंवा सलूनमध्ये दुसरा हात उलटा मारला, तरी तेच होतं. गालावरून हात फिरवल्यावर जे गुळगुळीत लागतं, तेच दुखण्याचं मूळ!

आरशात नीट पाहिलं तर पुटकुळीत कधी कधी केसाचा काळा फास दिसतो. तो निर्जंतुक सुईने अलगद उचलून टोक मोकळं करावं. चिमट्याने उपटू मात्र नये, कारण नवा केस त्याच वाटेने येतो. पिवळा पू आणि ठणका असेल तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. खवले धरत पसरणारा गोल चट्टा बुरशीचा असू शकतो, त्यावर दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं तर तो आणखी फोफावतो. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञच गाठावा.

समजा, रोज दाढी करणाऱ्या एखाद्याचा गळा पुटकुळ्यांनी भरलाय. त्याने महिनाभर वस्तरा बंद ठेवावा. केस दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतो, म्हणजे चार आठवड्यांत सेंटिमीटरभर होतो. एवढा लांब झाला की रुतलेलं टोक बहुधा आपोआप सुटतं. सुरुवातीला खाज वाढूही शकते, आणि नेमके तेव्हाच बरेच जण कंटाळून पुन्हा रेझर उचलतात.

पुन्हा सुरुवात करताना आंघोळीनंतर, केस मऊ असताना, एकाच पात्याने आणि केसांच्या दिशेने दाढी करावी. गळ्यावर ही दिशा जागोजागी बदलते, तेव्हा थोडे खुंट वाढू देऊन बोट फिरवून ती आधी पाहून ठेवावी. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे एक मिलिमीटर केस ठेवणारा ट्रिमर. चेहऱ्यावर दाढीची सावली कायम राहते, पण टोक कातडीखाली जात नाही. एवढं करूनही थांबलं नाही, तर केसच विरळ करणारा लेझर उरतो. त्यातला एनडी-याग प्रकार सावळ्या त्वचेला तुलनेने सुरक्षित असतो. त्याच्या अनेक बैठका लागतात आणि खर्चही बराच येतो.