कॉम्पिटिटिव्ह की नॉनकॉम्पिटिटिव्ह? रेषा कुठे भेटतात ते बघा, आणि आयसी फिफ्टी नुसती सांगू नका

अल्कलाइन फॉस्फटेजचं प्रॅक्टिकल बायोकेमिस्ट्रीवाल्या बहुतेकांनी केलेलं असतं. रंग नसलेलं पीएनपीपी टाकायचं, एन्झाइम त्यातला फॉस्फेट तोडतं, पिवळं नायट्रोफिनॉल सुटतं आणि ४०५ नॅनोमीटरला रीडिंग वाढत जातं. इथपर्यंत सगळं छान. मग सर म्हणतात आता इनहिबिटर टाका आणि प्रकार ओळखा, आणि तिथून जर्नलमध्ये खाडाखोड सुरू होते, कारण दोन्ही प्रकारांत दिसतं एकच, पिवळा रंग कमी येतो. फक्त रंग कमी आला यावरून काहीच कळत नाही.

आधी फरक काय ते बघू. एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर. तो सबस्ट्रेटच्याच सीटवर बसतो, पण चिकटून बसत नाही, येतो-जातो, त्यामुळे गर्दी खूप झाली की रुमालाला कोण विचारतं, सीटवर प्रवासीच बसलेले दिसतात. म्हणजे सबस्ट्रेट भरपूर टाकला की कमाल वेग, म्हणजे व्हीमॅक्स, परत मिळतो, फक्त तिथवर पोचायला जास्त सबस्ट्रेट लागतो, म्हणजे निम्म्या व्हीमॅक्सला लागणारा सबस्ट्रेट, केएम, वाढल्यासारखा दिसतो. नॉनकॉम्पिटिटिव्हमध्ये सीटला कोणी हात लावत नाही, काही गाड्याच डेपोत उभ्या राहतात. स्टँडवर कितीही माणसं आली तरी उभी गाडी सुटणार नाही. व्हीमॅक्स पडतो, आणि ज्या गाड्या चालू आहेत त्या नेहमीसारख्याच चालतात म्हणून केएम तोच राहतो. फॉस्फटेजला साधा फॉस्फेट हा पहिल्या प्रकारचा, तो सबस्ट्रेटच्याच जागेत बसतो. दुसऱ्या प्रकारचं नावाजलेलं उदाहरण एचआयव्हीच्या औषधात आहे, नेव्हिरॅपिन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या मुख्य जागेपासून बाजूला एका खाचेत बसतं.

आता आकडे घेऊ. हे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून मी घेतलेत, कुठल्या पेपरमधले नाहीत. केएम ०.५ मिलिमोलर, व्हीमॅक्स मिनिटाला ६० मायक्रोमोलर. दोन इनहिबिटर, ए कॉम्पिटिटिव्ह आणि बी नॉनकॉम्पिटिटिव्ह, दोघांचाही केआय, म्हणजे इनहिबिटर एन्झाइमला किती घट्ट धरतो त्याचा आकडा, २० मायक्रोमोलर, आणि दोघंही ४० मायक्रोमोलर टाकलेत. म्हणजे दोघांचा फॅक्टर १ + ४०/२० = ३. ए मुळे केएम तिप्पट दिसणार, बी मुळे व्हीमॅक्स एक तृतीयांश होणार.

| सबस्ट्रेट (मिलिमोलर) | इनहिबिटर नाही | ए सोबत | बी सोबत |
|---|---|---|---|
| ०.०५ | ५.५ | १.९ | १.८ |
| ०.२५ | २० | ८.६ | ६.७ |
| ०.५ | ३० | १५ | १० |
| १ | ४० | २४ | १३.३ |
| ५ | ५४.५ | ४६.२ | १८.२ |

पहिली ओळ नीट बघा. १.९ आणि १.८. एवढा फरक तर पिपेट धरण्याच्या पद्धतीने पण येतो! आणि शेवटची ओळ बघा, ४६ आणि १८. कमी सबस्ट्रेटला हे दोघं जुळे भाऊ आहेत, जास्त सबस्ट्रेटला गेल्यावरच वेगळे होतात. ज्यांनी पीएनपीपी महाग आहे म्हणून सगळे पॉइंट केएमच्या खालीच घेतले त्यांचा ग्राफ कितीही सुंदर आला तरी त्यात उत्तर नसतं. केएमच्या दोन्ही बाजूंना पॉइंट हवेत, वर निदान पाचपट तरी.

ग्राफ न काढताही टेबलावरून एक गोष्ट कळते. बी मुळे प्रत्येक ओळीत वेग बरोबर ६७ टक्के कमी झालाय, सबस्ट्रेट कितीही असो. ए मुळे पहिल्या ओळीत साधारण ६५ टक्के, मधे ५० आणि शेवटी फक्त १५. सबस्ट्रेट वाढवत नेल्यावर टक्केवारी हलते का थांबते, एवढं बघितलं तरी निम्मं काम झालं.

आता लाइनवीव्हर-बर्क, १९३४ पासून सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेला प्लॉट. उभ्या अक्षावर वेगाचा व्यस्त, आडव्यावर सबस्ट्रेटचा व्यस्त. उभ्या अक्षाला रेषा छेदते तिथे १/व्हीमॅक्स, डावीकडे आडव्या अक्षाला छेदते तिथे वजा १/केएम. आपल्या केसमध्ये इनहिबिटरशिवायची रेषा ०.०१६७ आणि वजा २ वर छेदते. ए ची रेषा उभ्या अक्षावर त्याच ०.०१६७ ला येऊन भेटते आणि डावीकडे वजा ०.६७ ला जाते. बी ची उभ्या अक्षावर ०.०५ ला जाते आणि डावीकडे त्याच वजा २ ला भेटते. थोडक्यात, उभ्या अक्षावर भेटल्या तर कॉम्पिटिटिव्ह, आडव्यावर भेटल्या तर नॉनकॉम्पिटिटिव्ह. आणि गंमत अशी की ए आणि बी च्या रेषांचा चढ अगदी सारखा आहे, दोन्हीचा ०.०२५, मूळ रेषेच्या तिप्पट. म्हणून "रेषा जास्त तिरकी झाली म्हणजे कॉम्पिटिटिव्ह" असं व्हायव्हात सांगू नका, तिरक्या दोन्ही होतात, छेद कुठे आहे तेच बघायचं.

प्रत्यक्षात रेषा बरेचदा कुठल्याच अक्षावर भेटत नाहीत, उभ्या अक्षाच्या डावीकडे थोड्या वर किंवा खाली भेटतात. त्याला मिक्स्ड म्हणतात आणि तो खरा असतो, चूक समजून पट्टीने ओढून अक्षावर आणायचा नाही. शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्ह तसा दुर्मिळच. रेषा समांतर आल्या तर तो तिसराच, अनकॉम्पिटिटिव्ह, नाव सारखं वाटतं म्हणून गल्लत होते. प्लॅसेंटाच्या अल्कलाइन फॉस्फटेजवर फेनिलअॅलानिन तसं वागतं.

या प्लॉटचा दोष म्हणजे तो सगळ्यात कच्च्या पॉइंटला सगळ्यात जास्त मान देतो. समजा प्रत्येक वेगात १ ची चूक आहे. ५४.५ चा व्यस्त ०.०१८०-०.०१८७ च्या मधे राहतो, कळतही नाही. पण ५.५ चा ०.१५ पासून ०.२२ पर्यंत हलतो, आणि तो पॉइंट उजवीकडे लांब टोकाला असल्यामुळे रेषा त्याच्यामागे जाते, छेद सरकतो, आणि कॉम्पिटिटिव्हचं मिक्स्ड होतं. त्यातून ०.०५ मिलिमोलरला अजून एक भानगड असते, मिनिटाला ५.५ मायक्रोमोलर म्हणजे पहिल्याच मिनिटात १० टक्क्यांच्या वर सबस्ट्रेट संपला, आणि सुटलेला फॉस्फेट स्वतःच इनहिबिटर आहे. तिथे पहिल्या अर्ध्या मिनिटाचा चढ घ्यायचा, पाच मिनिटांनी एकदा रीडिंग घेऊन भागायचं नाही. आकडे काढायला सरळ मूळ वक्रावरच नॉनलिनिअर फिट करा आणि लाइनवीव्हर-बर्क डोळ्यांना दाखवायला ठेवा, असं माझं मत.

अजून एक बहुरूपी आहे. एन्झाइमला कायमचं मारणारा इनहिबिटर या प्लॉटवर हुबेहूब नॉनकॉम्पिटिटिव्ह दिसतो, कारण काही एन्झाइम मेलं, उरलेलं ठणठणीत, म्हणजे व्हीमॅक्स कमी आणि केएम तोच. तो पकडायला एन्झाइम आणि इनहिबिटर आधी घट्ट मिश्रणात एकत्र ठेवायचे, मग एकदम १०० पट पातळ करून सबस्ट्रेट टाकायचा. समजा ठेवताना इनहिबिटर वेग निम्मा करणाऱ्या मात्रेच्या, म्हणजे आयसी फिफ्टीच्या, १० पट होता, तर पातळ झाल्यावर तो ०.१ पट उरतो, सुटून जाणारा असेल तर ९० टक्क्यांच्या आसपास काम परत यायला हवं. नाही आलं तर त्याला नॉनकॉम्पिटिटिव्ह म्हणायचं नाही.

आता आयसी फिफ्टी, म्हणजे वेग निम्मा करणारी इनहिबिटरची मात्रा. इथे सबस्ट्रेट एकच ठेवायचा आणि इनहिबिटर बदलायचा. ए घेऊ, सबस्ट्रेट ०.५ मिलिमोलर. १० मायक्रोमोलरला ८० टक्के काम उरलं, ३० ला ५७, १०० ला २९, ३०० ला १२. ५० टक्के कुठेतरी ३० आणि १०० च्या मधे. बरेच जण इथे सरळ पट्टी लावतात, ५७ ते २९ हा २८ चा उतार, त्यातले ७ उतरायचे म्हणजे पाव अंतर, ३० + १७.५ = ४७.५. चूक! मात्रा पटीने वाढवल्यात तर अंतरही लॉगवर मोजायचं. ३० चा लॉग १.४८, १०० चा २, त्यातलं पाव अंतर म्हणजे १.६१, उलटा लॉग काढला की साधारण ४१. खरं उत्तर ४० आहे. हाताने एवढं पुरतं, पण वर आणि खाली दोन्ही टोकांना वक्र सपाट झालेला दिसेल असे ८-१० पॉइंट घेऊन एस आकाराचा वक्र फिट केला तर जास्त विश्वास ठेवता येतो. आणि एन्झाइम नसलेला ब्लँक वजा करायला विसरू नका, नाहीतर वक्र शून्यापर्यंत उतरतच नाही आणि निम्मं कशाचं काढायचं तेच कळत नाही.

आता खरा मुद्दा. ए चा केआय २० होता आणि आयसी फिफ्टी ४० आली. का? चेंग आणि प्रुसॉफ यांनी १९७३ मध्ये हे नातं मांडलं:

```
competitive:     IC50 = Ki × (1 + [S]/Km)
noncompetitive:  IC50 = Ki
```

सबस्ट्रेट केएमएवढा होता म्हणून दुप्पट. तोच प्रयोग ५ मिलिमोलर सबस्ट्रेट घेऊन केला तर २० × ११ = २२० येईल. इनहिबिटर तोच, बाटली तीच, फक्त गर्दी वाढली. बी ची मात्र दोन्हीकडे २० च. म्हणजे दोन वेगवेगळ्या सबस्ट्रेटला आयसी फिफ्टी काढली तरी प्रकाराचा अंदाज येतो, वर सरकली तर कॉम्पिटिटिव्ह, हलली नाही तर नॉनकॉम्पिटिटिव्ह. आणि ज्या आयसी फिफ्टीसोबत सबस्ट्रेट किती आणि केएम किती हे लिहिलेलं नाही ती दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी लावून बघण्यात अर्थ नाही.

माझा स्वतःचा घोळ सांगतो. एमएस्सीला असताना एन्झाइम पीबीएसमध्ये पातळ करून ठेवलं होतं, फ्रीजमध्ये तेच सापडलं म्हणून. पीबीएसमध्ये फॉस्फेट साधारण १० मिलिमोलर असतो, त्यातले २० मायक्रोलिटर १ मिलिलिटरच्या क्युव्हेटमध्ये गेले म्हणजे २०० मायक्रोमोलर फॉस्फेट आधीच आत. मी इनहिबिटर म्हणून वरून ४० मायक्रोमोलर फॉस्फेटच टाकत होतो आणि फरक का पडत नाही म्हणून दोन दिवस इनहिबिटरची बाटली बदलत बसलो. माझा "इनहिबिटरशिवायचा" केएमच फुगलेला होता आणि १०० टक्के म्हणून जे धरलं होतं तेच दबलेलं होतं. शेवटी व्हीमॅक्स ठीक येतोय आणि केएम वर गेलाय हे बघून डोक्यात प्रकाश पडला. एन्झाइम ट्रिसमध्ये डायलिसिस करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रेषा उभ्या अक्षावर निमूट येऊन भेटल्या.