‘काय शे?’ : सोनोग्राफीला येण्याआधी एवढं वाचा

पोटातलं बाळ मुलगा की मुलगी, हा प्रश्न आमच्या सेंटरवर रोज येतो. कुणी सरळ विचारतं, “आंडोर शे का आंडेर?” कुणी पेढे आणू की जिलेबी म्हणतं, कुणी नुसतंच स्क्रीनकडे बोट दाखवून भुवया उंचावतं. उत्तर आम्ही देत नाही आणि देणारही नाही. पण या प्रश्नात ‘हे कुणामुळे ठरतं’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. त्याचं उत्तर मात्र पूर्ण देता येतं, आणि ते सासूबाईंनी आणि नवऱ्यानेही वाचावं अशी आमची इच्छा आहे.

मुलगा की मुलगी हे एक्स आणि वाय या दोन लिंग-गुणसूत्रांवरून ठरतं. आईच्या बीजात फक्त एक्स असतं. दर महिन्याला, प्रत्येक बीजात एक्सच. तिच्याकडे वायच नाही, तर ती देणार कुठून? वडिलांच्या शरीरात शुक्राणू तयार होताना एका मूळ पेशीपासून चार शुक्राणू होतात. त्यातल्या दोघांत एक्स जातो आणि दोघांत वाय. म्हणजे निम्मे एका प्रकारचे, निम्मे दुसऱ्या प्रकारचे. असे कोट्यवधी शुक्राणू निघतात आणि त्यातला एकच बीजात शिरतो. तो एक्सचा असला तर मुलगी, वायचा असला तर मुलगा. फलन झालं त्या क्षणी हे ठरून गेलेलं असतं. कुठला शुक्राणू पोहोचेल हे वडिलांच्याही हातात नसतं, त्यामुळे दोष त्यांनाही लावायचा नाही. पण सुनेला बोल लावण्याला तर काहीच आधार नाही.

हे शोधलं गेलं तेही धान्याच्या किड्यात. 1905 साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रं निघाली. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक अगदी बारीक. नराच्या शुक्राणूंपैकी निम्म्यांत ते बारीक गुणसूत्र होतं, निम्म्यांत नव्हतं. ते बारीक म्हणजेच वाय.

तीन मुली झाल्या की चौथा मुलगाच, असं हिशेब घालून सांगणारे भेटतात. शुक्राणूंना मागच्या बाळंतपणांची आठवण नसते. चौथ्या वेळीही निम्मी-निम्मीच शक्यता. काढे, पुड्या, डाव्या-उजव्या कुशीवर झोपणं यातलं काहीही हे बदलत नाही. गर्भ राहिल्यावर दिलेली पुडी तर उघडच निरुपयोगी, कारण तोवर ठरून झालेलं असतं.

ठरतं एका क्षणात, पण दिसायला बराच वेळ लागतो. शहाद्याकडच्या पपईसारखं आहे हे. रोप नर की मादी हे बीजातच ठरलेलं असतं, पण फुलं आल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीचे काही आठवडे सगळ्या गर्भांत एकसारखीच ग्रंथी असते. वायवरचा एक जनुक वेळेवर जागा झाला तर तिचं वृषण बनतं, नाहीतर अंडाशय. बाहेरचा अवयव गरोदरपणाच्या साधारण अकराव्या आठवड्यापर्यंत दोघांतही सारखाच, म्हणजे एक बारीक उंचवटा असतो. त्या सुमारास कुणी सांगितलंच तर ते पुष्कळदा चुकतं. फरक पुढच्या आठवड्यांत वाढतो, आणि अठरा ते वीस आठवड्यांना चित्रात तो बहुतेक वेळा ओळखू येण्यासारखा असतो. बाळाने मांड्या मिटलेल्या असल्या किंवा मध्ये नाळ आली तर तेव्हाही नाही.

आणि इथेच आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. अठरा ते वीस आठवड्यांची तपासणी बाळात व्यंग आहे का हे पाहण्यासाठी असते, पण घरचे दुसऱ्याच कारणाने उत्सुक असतात. गेल्या पावसाळ्यात रावेर तालुक्यातून एक बाई आल्या. दोन मुली, तिसरं बाळंतपण, सोबत सासू. पाठीचा कणा, मूत्रपिंडं, हातपाय पाहून झाले. हृदयाचे चार कप्पे समोर आले, आता नीट थांबून पाहायचं, तेवढ्यात सासूबाईंनी प्रश्न सुरू केला. एकदा, दोनदा, पाचदा. बाईंना रडू आलं, पोट हलू लागलं, बाळ वळलं आणि हृदय कण्याच्या सावलीत गेलं. प्रोब खाली ठेवावा लागला. बाईंना पाणी दिलं, बाहेर चालायला सांगितलं. चाळीस मिनिटांनी परत घेतल्यावर चारही कप्पे नीट दिसले. पण मागच्या चार पेशंट खोळंबल्या आणि या बाईंची स्वतःची दुपारची बस गेली.

म्हणून तपासणीच्या खोलीत हा प्रश्न निघाला की आम्ही तपासणी थांबवतो. याचा राग येऊ देऊ नका. लिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला आणि देशाचा 1994 मध्ये झाला. तोंडाने, खुणेने, कुठल्याही प्रकारे लिंग सांगणं हा गुन्हा आहे. मागणाऱ्या नवऱ्याला किंवा नातेवाइकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जिच्यावर जबरदस्ती झाली त्या बाईला शिक्षा नाही. या कायद्याखाली तपासणीसाठी भरायचा फॉर्म एफ अर्धवट राहिला तरी तो आमचा गुन्हा धरला जातो. त्यात तुम्ही ‘मला लिंग जाणून घ्यायचं नाही’ असं लिहून सही करता, आणि ‘मी पाहिलं नाही, सांगितलंही नाही’ अशी सही डॉक्टर करतात. त्यामुळे “एक सही राहू द्या ना” हे आमच्याकडे चालत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी नसताना किंवा ओळखपत्र नसताना आम्ही परत पाठवतो तेही याचसाठी, पैशासाठी अडवत नाही.

आता तारखेचं. “पाचवा लागलाय” यावरून तपासणीचा दिवस ठरत नाही. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. समजा पाळी 10 जानेवारीला आली आणि ती नियमित महिन्याची आहे. गर्भ साधारण 24 जानेवारीच्या सुमारास राहिला, म्हणजे मुलगा-मुलगी तेव्हाच ठरलं. पहिली महत्त्वाची तपासणी 28 मार्च ते 17 एप्रिलच्या दरम्यान, ती अकरा ते जवळपास चौदा आठवड्यांची. व्यंगाची तपासणी 16 ते 30 मे. ती कुणी एप्रिलमध्येच करायला आलं तर हृदय आणि चेहरा इतका लहान असतो की पुन्हा यावंच लागतं. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल तर लवकर एकदा या, बाळाच्या लांबीवरून आम्ही आठवडे काढून देतो.

व्यंगाच्या तपासणीला आम्ही प्रत्येकीला अर्धा तास राखून ठेवतो, घाईत उरकत नाही. बाळ वळलं आणि पुन्हा बोलवावं लागलं तर त्याच तपासणीचे दुसऱ्यांदा पैसे घेत नाही. रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. लांबून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन केला तर सकाळची वेळ देतो, म्हणजे परतीची एसटी सापडते. येताना डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट आणि शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून आणा. पोटभर जेवून या. आत सोबत एकच जण, आणि ती कोण हे पेशंटने ठरवायचं.