पंचमहापुरुष योग

मंगळ, बुध, गुरू, शुक्र किंवा शनी यांपैकी एखादा ग्रह स्वतःच्या राशीत किंवा उच्च राशीत असेल आणि ती रास लग्नापासून, जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून, केंद्रात, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या स्थानी पडत असेल, तर फलज्योतिषात त्याला महापुरुष योग म्हणतात. मंगळाचा तो रुचक, बुधाचा भद्र, गुरूचा हंस, शुक्राचा मालव्य आणि शनीचा शश. रवी-चंद्रांना यात जागा नाही, कारण जुने ग्रंथ हा योग फक्त ताराग्रहांचा, म्हणजे आकाशात ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पाच ग्रहांचा मानतात. राहू-केतू तर दिसतच नाहीत.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत या पाच पुरुषांचे वर्णन केले आहे. तिथे भर नशिबापेक्षा शरीरावर जास्त आहे. हंसाची उंची 96 अंगुळे धरायची आणि पुढे शश, रुचक, भद्र, मालव्य या क्रमाने तीन-तीन अंगुळे वाढवत जायचे. म्हणजे मालव्य पुरुष 108 अंगुळांचा. विवाह जुळवताना मालव्य योगाचे कौतुक करणारे कुणी मुलाची उंची अंगुळांनी मोजल्याचे ऐकिवात नाही. सत्ता, धन, वाहन, सेवक ही फळे मात्र सगळ्यांना पाठ असतात.

लग्न आणि योग यांचे गणित

आपल्याकडच्या चौकटीच्या कुंडलीत केंद्रे ओळखायला मोजावे लागत नाही. मधली चार मोठी घरे हीच केंद्रे. वरचे लग्न, डावीकडचे चौथे, खालचे सातवे, उजवीकडचे दहावे. या चार घरांतले राशींचे आकडे नेहमी एकाच जातीचे असतात. लग्न चर राशीचे असेल तर 1, 4, 7, 10. स्थिर असेल तर 2, 5, 8, 11. द्विस्वभाव असेल तर 3, 6, 9, 12. एवढे ध्यानात आले की कोणत्या लग्नाला कोणता योग होऊच शकत नाही, ते पत्रिका न मांडताही सांगता येते.

बुधाची उच्च रास कन्या. ती त्याची स्वतःचीही आहे आणि दुसरी मिथुन. दोन्ही द्विस्वभाव. म्हणून मेष, वृषभ, कर्क, सिंह, तूळ, वृश्चिक, मकर आणि कुंभ या आठ लग्नांना भद्र योग कधीच होत नाही. शिवाय बुध सूर्यापासून सुमारे 28 अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत जन्मलेल्या माणसालाही भद्र मिळायचा नाही, लग्न कोणतेही असो. गुरूच्या धनू आणि मीन या राशी द्विस्वभाव आणि उच्चीची कर्क चर, म्हणून स्थिर लग्नांना हंस नाही. मंगळ आणि शनी यांच्याकडे प्रत्येकी दोन चर राशी आणि एक स्थिर, म्हणून द्विस्वभाव लग्नांना रुचक नाही आणि शशही नाही. एकटा शुक्रच असा, की त्याच्या तीन राशी तीन वेगवेगळ्या जातींच्या आहेत: तूळ चर, वृषभ स्थिर, मीन द्विस्वभाव. मालव्य योगाची दारे बाराही लग्नांना उघडी असतात ती यामुळे.

हा योग किती दुर्मीळ?

मंद ग्रहांच्या बाबतीत अजिबात दुर्मीळ नाही. निरयन गणिताने शनी 24 जानेवारी 2020 रोजी मकरेत आला. मकर आणि कुंभ या आपल्या दोन राशींतून फिरून तो 29 मार्च 2025 रोजी मीनेत गेला. शनी मकरेत असताना चारही चर लग्नांना आणि कुंभेत असताना चारही स्थिर लग्नांना शश योग होतो. दिवसाच्या चोवीस तासांत बारा लग्ने उगवतात, त्यांतली चार म्हणजे ढोबळमानाने आठ तास. म्हणजे त्या पाच वर्षे दोन महिन्यांत जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या पत्रिकेत शश योग आहे. वाशी-नेरूळच्या कुठल्याही शाळेतल्या बालवर्गात दर तिसरे मूल शश महापुरुष निघाले असते, आणि बाईंना एकाच वेळी इतके महापुरुष सांभाळावे लागले असते.

एक दिवस, एक शहर: ठाणे, 14 एप्रिल 2023

अयनांश म्हणजे वसंतसंपात आणि मेषारंभ यांच्यातले अंतर. चित्रापक्षाच्या अयनांशाने त्या सकाळी शनी कुंभेत दहा अंशांच्या आसपास होता, शुक्र वृषभेत साडेनऊ अंशांच्या आसपास आणि गुरू मीनेच्या 28 व्या अंशाजवळ. तिघेही स्वगृही. ठाण्यात सूर्योदयानंतर काही मिनिटांत, 6 वाजून 27 मिनिटांच्या सुमारास मेष लग्न लागले आणि 8 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास संपले. पुढे दोन तास वृषभ लग्न होते.

समजा, नौपाड्यातल्या एखाद्या प्रसूतिगृहात त्या दिवशी 8 वाजून 5 मिनिटांनी बाळ जन्मले. लग्न मेष. मधल्या चार घरांत बुध आणि राहू, चंद्र, केतू हे आहेत, पण योगकारक एकही नाही. शनी अकराव्यात, शुक्र दुसऱ्यात, गुरू बाराव्यात. महापुरुष योग शून्य. शेजारच्या खोलीत 8 वाजून 15 मिनिटांनी दुसरे बाळ जन्मले. लग्न वृषभ. शुक्र लग्नी, म्हणून मालव्य. शनी दशमात, म्हणून शश. दोन महापुरुष योग, तेही लग्नी आणि दशमी. ग्रह दोघांचे तेच, अंशही जवळपास तेच. दहा मिनिटांत फक्त लग्नाने रास ओलांडली.

आता हीच दहा मिनिटे तपासायला गेले तर काय हाती लागते? महापालिकेच्या जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ असते ती प्रसूतिगृहाच्या कागदावर. ती बाळ बाहेर आल्याची, पहिल्या रडण्याची, की सगळे आवरून नोंद करतानाच्या घड्याळाची, हे तो कागद सांगत नाही. पुष्कळदा आकडा पाचाच्या किंवा पंधराच्या पटीत असतो, यावरूनच तो अदमासे लिहिला असल्याचे ओळखावे. लग्न राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या दोन अंशांत असेल, तर अशा वेळेवर महापुरुष योगाचा निर्णय देऊ नये. एक अंश म्हणजे साधारण चार मिनिटे, एवढा हिशेब पुरतो.

त्या मानाने जन्मगावाचा घोळ फारसा नडत नाही. ठाण्याची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या मागे सुमारे 38 मिनिटे असते आणि पनवेलची त्याहून जेमतेम अर्ध्या मिनिटाने वेगळी. बाळंतपण आईच्या माहेरी पनवेलला झाले आणि संगणकात गाव ठाणे भरले, तरी लग्न बहुधा तेच राहते.

वाद होतो तो अयनांशावर. टिळक पंचांग रैवतपक्षाचे. त्याचे अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी. त्या गणिताने वृषभ लग्न पंधरा-वीस मिनिटे आधीच सुरू होते, म्हणजे 8 वाजून 5 मिनिटांचे पहिले बाळही दोन योगांचे धनी ठरते. उलट गुरू मीनेतून निघून मेषेत पडतो आणि त्या दिवसापुरता हंस योग कोणत्याच लग्नाला उरत नाही. राशींऐवजी लग्नाच्या अंशावरून भाव मोजणारी चलित कुंडली मांडणारे तिसरेच सांगतात. 8 वाजून 5 मिनिटांच्या पत्रिकेत लग्न मेषेच्या अगदी शेवटी असल्याने वृषभेतला शुक्र चलितात प्रथम भावातच येतो. त्यांच्या मते तो मालव्य मोजायला हरकत नाही, शनी मात्र अकराव्यातच राहतो. ग्रंथांतली व्याख्या स्वराशी, उच्च राशी आणि केंद्र यांची आहे. त्यामुळे योग राशिकुंडलीवरून ठरवावा आणि चलित फळाच्या तपशिलासाठी ठेवावे, हे जास्त सुसंगत वाटते.

योग असून नसल्यासारखा

त्याच दिवशी मिथुन, कन्या, धनू आणि मीन या लग्नांवर जन्मलेल्यांना मीनेतल्या गुरूमुळे हंस योग मिळतो. स्थिर लग्नांची चार आणि ही चार अशी बारापैकी आठ लग्ने त्या दिवशी योगाची होती. पण हंस इथे कागदापुरताच आहे. गुरू सूर्यापासून 11 अंशांच्या आत आला की अस्तंगत मानतात आणि त्या सकाळी दोघांत दोन अंशांचेही अंतर नव्हते. भर म्हणजे सूर्य दुपारी तीनपर्यंत मीनेतच होता. योगकारक ग्रहाबरोबर त्याच राशीत सूर्य किंवा चंद्र असेल, तर महापुरुषपद मिळत नाही, केवळ त्या ग्रहाच्या दशेत बरे फळ मिळते, असे मानसागरीत सांगितले आहे. दुपारी तीननंतर सूर्य मेषेत गेला आणि ही दुसरी अडचण सुटली, पण गुरूचा अस्त काही सुटला नाही. संगणकावर छापलेल्या पत्रिकेत ‘हंस योग’ ठळक अक्षरांत येतो आणि गुरूपुढचे अस्ताचे बारीक ‘अ’ कुणी पाहत नाही. पत्रिका हातात आली की आधी ते अक्षर शोधावे.

शुक्र आणि शनी त्या दिवशी सूर्यापासून लांब होते आणि त्यांच्या सोबतीला रवी-चंद्रही नव्हते, म्हणून सव्वाआठच्या बाळाचे दोन्ही योग निर्दोष आहेत. प्रश्न उरतो तो कधी फळतील याचा. योगाचे मुख्य फळ योगकारक ग्रहाच्या महादशेत येते, असा संकेत आहे. त्या सकाळी चंद्र उत्तराषाढा नक्षत्राच्या शेवटी होता, म्हणून विंशोत्तरीने जन्मतः रवीची महादशा आणि तीही अवघे काही महिने शिल्लक. पुढे चंद्राची 10 वर्षे, मंगळाची 7, राहूची 18 आणि गुरूची 16. शनीची 19 वर्षांची महादशा लागेल तेव्हा हे बाळ 51 वर्षांचे असेल. त्यानंतर बुधाची 17 आणि केतूची 7. तोवर शुक्राच्या अंतर्दशा अधूनमधून येत-जात राहतील, पण मालव्य योगाची खरी महादशा सुरू होईल ती वयाच्या 94 व्या वर्षी.