शिल्लक दिवसांचा हिशेब: जुन्या करप्रकरणांची मुदत

समजा, यवतमाळकडच्या एका गावात कापसाची अडत आहे. नोटबंदीच्या हंगामात, 2016 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, अडत्याने 18 लाखांची रोकड बँकेत भरली. कास्तकाराचं शेतीउत्पन्न करमुक्त असतं, अडत्याचं नसतं. म्हणून ही रक्कम कुठून आली हे त्याला विचारता येतं. पण किती वर्षांनंतर? काट्याच्या पावत्या, सौदापट्टी, हातउसन्याच्या चिठ्ठ्या पाच-सहा पावसाळ्यांत टिकत नाहीत. खुलासा करायचा करदात्याने आणि पुरावा मात्र संपलेला, ही वेळ येऊ नये म्हणून कायदा आयकर खात्याच्या हाताला मुदत बांधतो.

1961 च्या आयकर कायद्यात ती मोठ्या रकमांसाठी 16 वर्षांपर्यंत होती. पुढे ती 10 आणि नंतर 6 वर्षांवर आली. 1 एप्रिल 2021 पासून नेहमीची प्रकरणं 3 वर्षांतच उघडता येतील असं ठरलं. 10 वर्षांची मुभा दडवलेलं उत्पन्न 50 लाख किंवा अधिक असेल तरच. शिवाय नोटिशीआधी कारण दाखवून करदात्याचं म्हणणं ऐकणं सक्तीचं झालं.

खरा गुंता इथेच झाला. कोरोनाकाळातल्या सवलत कायद्याने 31 मार्च 2021 ला संपणारी मुदत 30 जूनपर्यंत वाढवली होती. तिच्या आधारे खात्याने सुमारे 90 हजार नोटिसा काढल्या, त्याही रद्द झालेल्या जुन्या पद्धतीने. अनेक उच्च न्यायालयांनी त्या रद्द केल्या. मे 2022 मध्ये सर्वात वरच्या न्यायालयाने मात्र त्यांना नव्या पद्धतीच्या 'कारणे दाखवा' नोटिसा मानलं. चूक खात्याची आणि ती दुरुस्त करण्याची संधीही खात्यालाच, हे मला आजही खटकतं.

तोल थोडाफार सावरला तो ऑक्टोबर 2024 च्या निकालाने. जुनी नोटीस निघाली त्या दिवशी मुदतीचे जेवढे दिवस उरले होते, तेवढेच खात्याला प्रकरण उघडणारी शेवटची नोटीस काढायला पुढे मिळतील, असं त्यात ठरलं. मधला काळ, म्हणजे जुन्या नोटिशीपासून खात्याने तिच्यामागची माहिती पुरवेपर्यंतचा आणि उत्तरासाठी दिलेले दोन आठवडे, मोजायचा नाही.

आपल्या अडत्याला नोटीस 15 जून 2021 ला आली असं धरू. तो दिवस धरून 30 जूनपर्यंत 16 दिवस उरतात. मे 2022 च्या निकालानंतर खात्याने माहिती पुरवली आणि त्याने मुदतीत, 16 जून 2022 ला, उत्तर दिलं. दुसऱ्या दिवसापासून 16 दिवस मोजले की 2 जुलै येतो. त्यानंतरची नोटीस, समजा 29 जुलैची, मुदतबाह्य. त्यामुळे अशा प्रकरणात उत्पन्नाच्या वादात शिरण्याआधी तीन तारखा बघाव्यात: पहिल्या नोटिशीची, उत्तराची आणि शेवटच्या नोटिशीची. पोर्टलवर अपलोड केलेल्या उत्तराची पोच म्हणूनच जपून ठेवायची.

1 सप्टेंबर 2024 पासून मुदती पुन्हा बदलल्या. नेहमीच्या प्रकरणात 3 वर्षं 3 महिने, आणि 50 लाख किंवा अधिक असेल तर 10 ऐवजी 5 वर्षं 3 महिने.