टेबल खाली आलं, टार्गेट वर गेलं: पॅकिंग टेबलांच्या वादाची पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, पावणे या औद्योगिक पट्ट्यात गेल्या काही वर्षांत पॅकिंग आणि हलक्या जोडणीच्या टेबलांची उंची बदलण्याचं काम बरंच झालं. खर्च फारसा नसतो. टेबलाचे पाय कापायचे, क्रेट जमिनीवरून ट्रॉलीवर आणायचे, एखादं उंच स्टूल द्यायचं. मेंटेनन्सचे दोन जण एका सुटीच्या दिवशी करतात. एवढ्या साध्या कामावरून युनियन आणि व्यवस्थापन महिनोन्‌महिने का भांडतात, हे बाहेरच्याला कळत नाही. भांडण टेबलाचं नसतंच. ते स्टँडर्ड टाइममध्ये, म्हणजे एका कामासाठी ठरवून दिलेल्या वेळेत, मिसळलेल्या काही टक्क्यांचं असतं, आणि ते टक्के कुठून आले ते पाहायला थोडं मागे जावं लागतं.

फावड्याचं वजन आणि विटा रचण्याच्या हालचाली मोजणाऱ्या अमेरिकन मंडळींची कथा सर्वांना पाठ आहे, ती सोडून देऊ. आपल्याकडे वर्क स्टडी, म्हणजे कामाची पद्धत तपासून वेळ ठरवण्याची रीत, आली ती प्रामुख्याने १९५० च्या दशकात, उत्पादकता मोहिमांबरोबर. १९५७ मध्ये जिनेव्याच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने वर्क स्टडीचं पुस्तक काढलं, आणि इंडस्ट्रिअल इंजिनिअरिंग शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी त्याच परंपरेतला अलाउन्सचा, म्हणजे थकवा आणि गरजांसाठी कामाच्या वेळेत मिळवायच्या टक्क्यांचा, तक्ता वापरला. स्त्री आणि पुरुष असे दोन रकाने. वैयक्तिक गरजांसाठी पुरुषांना ५ टक्के, स्त्रियांना ७. मूळ थकव्यासाठी दोघांना ४. उभं राहून काम असेल तर २ आणि ४. वाकून करायचं काम असेल तर २ आणि ३. आडवं पडून किंवा ताणून करायचं असेल तर दोघांना ७. तक्ता छापण्यात आला होता तो उदाहरण म्हणून. ठाण्यात १९६० च्या दशकात वागळे इस्टेट उभी राहिली, पुढे खाडीपलीकडचा पट्टा भरत गेला, तोवर हा तक्ता वेतन करारांच्या जोडपत्रांत जाऊन बसला होता. उदाहरणाचा नियम झाला.

थकवा असा टक्क्यांत आला, म्हणजे तो मोजला गेला नाही. ठरवला गेला, वाटाघाटीत. माणसाचा खांदा खरंच किती दुखतो याची नोंद कुठेच नव्हती. कारखाने कायदा १९४८ च्या कलम ४४ मध्ये उभं राहून काम करणाऱ्यांना बसण्याची सोय देण्याची तरतूद होती, पण बसायला जागा आहे की नाही एवढंच ते कलम पाहत होतं. टेबल किती उंच असावं, हात किती लांब जावा याबद्दल ते काही सांगत नव्हतं.

शरीराकडे पाहणारी साधनं उशिरा आली आणि तीही कागदी. १९७० च्या दशकात फिनलंडच्या पोलाद उद्योगात अंगस्थितीचे सांकेतिक आकडे बसवले गेले. १९७६ मध्ये इंग्लंडमधून शरीराचा नकाशा आला, ज्यावर कामगाराने कुठे आणि किती त्रास होतो ते स्वतः दाखवायचं. १९९३ मध्ये रुला आली: एका पानाचा तक्ता, मान, खांदा, कोपर, मनगट, कंबर यांच्या कोनांना गुण, शेवटी १ ते ७ मधला एक आकडा. १-२ ठीक, ७ म्हणजे ताबडतोब बदला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ही पानं झेरॉक्स होऊन ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत पोहोचली. १९९७ मध्ये अहमदाबादच्या एका डिझाइन संस्थेकडून भारतीय शरीरमापांचं संकलन प्रसिद्ध झालं, तेव्हा कुठे परदेशी मशीनबरोबर आलेल्या टेबलांची उंची इथल्या बायांसाठी जास्त आहे हे आकड्यांत दाखवता आलं.

या साधनांनी नेमकं काय दिसतं ते एका नमुन्यावर पाहू. टेबल ९० सेंटिमीटर, त्यावर ३२ सेंटिमीटर उंच खोका. म्हणजे खोक्याची कड १२२ वर. ऑपरेटरची उंची १५२, उभ्याने कोपर जमिनीपासून साधारण ९५ वर. टेबल पाहणाऱ्याला ९० ही उंची बरोबर वाटते, कारण ती कोपराच्या जरा खालीच आहे. पण हात काम करतात ते टेबलावर नाही, खोक्याच्या कडेवरून. कोपरापेक्षा २७ सेंटिमीटर वर. माल जमिनीवरच्या क्रेटमधून उचलायचा, म्हणजे दर थोड्या वेळाने कंबरेतून वाकायचं.

मोजायला टेप, खडू, ओळंबा, फोन आणि छापलेला कोनमापक पुरतो. ऑपरेटरने कोपर अंगाशी ठेवून हात फिरवला की खडूने टेबलावर कमान ओढायची. ती साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर येते, आणि त्याबाहेर ठेवलेलं प्रत्येक खोकं, टेप, लेबल खांदा पुढे ओढतं. खांद्यावर आणि कोपरावर रंगीत टिकली लावून बाजूने फोटो काढायचा, मागे ओळंबा लोंबता ठेवायचा, आणि दंड त्या दोरीशी किती अंश करतो ते मोजायचं. बहुतेक गडबड इथेच होते. फोन बरोबर बाजूला, खांद्याच्या उंचीवर आणि तीनेक मीटर लांब हवा. मशीन आडवं येतं म्हणून माणूस तिरका उभा राहतो. ३० अंश तिरक्या फोटोत ४८ अंशांवर उचललेला दंड ४४ च्या आसपास दिसतो. रुलामध्ये २० ते ४५ ला २ गुण आणि ४५ ते ९० ला ३, म्हणजे उभं राहण्याची जागा चुकली म्हणून एक गुण गळला. दोन जणांचे गुण जुळत नसतील तर आधी फोटो कुठून काढला ते विचारावं, तक्ता नंतर.

नमुन्यातला दंड ६० अंशांवर होता आणि खांदा उचललेला होता, म्हणून ३ अधिक १, चार गुण. टेबल ६५ वर आणलं, कड ९७ ला आली, दंड ३० अंशांवर आणि खांदा सैल: २ गुण. तळाचा थर लावताना वाकणं वाढू नये म्हणून खोक्याखाली उतरता लाकडी ठोकळा दिला. क्रेट ट्रॉलीवर आले. इथपर्यंत सगळे खूश असतात.

आता वाद. समजा एका खोक्याचा बेसिक टाइम, म्हणजे अलाउन्स मिळवण्याआधीचा वेळ, २.०० मिनिटं होता. जुन्या तक्त्याप्रमाणे ७ अधिक ४, उभं राहण्याचे ४, वाकण्याचे ३, एकूण १८ टक्के. स्टँडर्ड टाइम २.३६ मिनिटं, ४५० मिनिटांच्या कामात १९० खोकी. नव्या मांडणीत हात कमी लांब जातो, बेसिक टाइम १.८५ झाला. व्यवस्थापन म्हणतं, आता वाकणं नाही आणि स्टूल दिलं आहे, म्हणून ३ आणि ४ टक्के काढा. ११ टक्क्यांनी स्टँडर्ड टाइम २.०५ होतो आणि टार्गेट २१९. एकोणतीस खोकी जास्त.

हे एकोणतीस सलग घेतले तर वाद सुटत नाही, फोडले तर निदान कळतो. अलाउन्स १८ टक्केच ठेवला तर टार्गेट २०६ येतं. म्हणजे १६ खोकी पद्धत सुधारली म्हणून आणि १३ निव्वळ अलाउन्स कापला म्हणून. करारांत सहसा अशी अट असते की पद्धत, माल किंवा यंत्रसामग्री बदलली तरच स्टँडर्ड टाइम बदलता येईल. टेबलाचे पाय कापणं ही पद्धत बदलणं आहे का? व्यवस्थापनाच्या मते हो. युनियनच्या मते पद्धत तीच आहे, फक्त इतकी वर्षं चुकीच्या उंचीवर ती करून घेतली. मला पहिल्या सोळांबाबत व्यवस्थापनाचं म्हणणं पटतं. तेरांबाबत नाही, आणि त्याचं कारण त्याच कागदांत आहे.

उभं राहण्याचे ४ टक्के काढायचे तर माणूस बसलेला हवा. उंच स्टूलवर ती टेकते, टेप लावताना उठते, पुन्हा टेकते. किती वेळ टेकते ते कोणी पाहिलेलं नसतं. ते पाहण्याची रीत जुनीच आहे: १९३० च्या दशकात ब्रिटनच्या कापड गिरण्यांसाठी निघालेली, ठरावीक नव्हे तर यादृच्छिक वेळी एक नजर टाकून नोंद करायची. टेकण्याचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असेल आणि दहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे २० ते ४०, चालणार असेल तर ८४ नोंदी पुरतात, दोन शिफ्टमध्ये होऊन जातात. रुलाचं पान इथे उपयोगी नाही. पायांना ते फक्त आधार आहे की नाही एवढं विचारतं. आठ तास उभं राहणं त्याला दिसत नाही. ‘रुला खाली आला, सबब अलाउन्स काढा’ हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा आहे, आणि तो मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकला आहे.

दुसरी गोष्ट हालचालींच्या संख्येची. एका खोक्यात बारा नग असतील तर १९० खोक्यांना २,२८० वेळा हात जातो, २१९ ना २,६२८ वेळा. प्रत्येक वेळचा कोन कमी झाला, पण वेळा साडेतीनशेने वाढल्या. यातून खांद्याला निव्वळ किती आराम मिळाला हे गणिताने सांगता येत नाही. ते शरीराच्या नकाशावर विचारावं लागतं. शिफ्टच्या सुरुवातीला, मग दर दोन तासांनी, खांदा, मान, कंबर, पाय यांना ० ते १० मधला आकडा. शेवटच्या आकड्यातून सुरुवातीचा वजा करायचा, कारण दिव्याहून गाडी बदलत, उभ्याने घणसोलीला आलेली बाई शून्यावर कामाला लागत नाही. टेबल बदलल्यावर पहिल्या आठवड्यात हा फरक हमखास घटतो. नव्या गोष्टीचं कौतुक असतं, शिवाय टार्गेट अजून जुनंच असतं. खरी नोंद टार्गेट बदलल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली. तेव्हा खांद्याचा फरक पूर्वीच्या जागी परत आला असेल, तर टेबलाने दिलेला आराम टार्गेटने खाल्ला.

नंतरच्या काही करारांत म्हणून अलाउन्सला ठरावीक काळ हात न लावण्याची आणि आधी-नंतरच्या नोंदी दोन्ही पक्षांसमोर घेण्याची अट दिसते. स्त्री-पुरुषांचे वेगळे रकाने बऱ्याच ठिकाणी गेले, कारण एकाच टेबलावर दोन स्टँडर्ड टाइम चालवणं सुपरवायझरला जमत नाही. जाताना स्त्रियांचा जास्तीचा आकडा गेला, पुरुषांचा राहिला.

या सगळ्याची जमीनच मात्र सरकते आहे. पॅकिंग आता मोठ्या प्रमाणावर कंत्राटदाराकडे असतं आणि दर खोक्यामागे ठरतो. त्या दरात अलाउन्स वेगळा लिहिलेला नसतो, त्यामुळे काढण्यासारखं किंवा राखण्यासारखं काही कागदावर उरत नाही. टेबल कंपनीचं, माणसं कंत्राटदाराची. पाय कापण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा, यावर सध्या अडलेली कामं जास्त आहेत.