सिगारेट सुटल्यावर चहा का चढतो?

शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत आरोग्य शिबिर भरले होते. रक्तदाब आणि साखरेच्या तपासण्या उरकल्यावर मोल्डिंग विभागाचे एक पर्यवेक्षक बोलायला उभे राहिले. रोज पंधरा सिगारेटी ओढणाऱ्या या गृहस्थांनी त्या सोडल्याला वर्ष झाले होते. फुप्फुसांविषयी ते दोन वाक्ये बोलले आणि उरलेला वेळ त्यांनी चहाला दिला.

रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते, त्यामुळे पहिले तीन दिवस त्यांना अपेक्षेप्रमाणेच जड गेले. नवल घडले ते आठवड्यानंतर. तलफ ओसरू लागली, पण छाती धडधडू लागली, हात कापू लागले आणि रात्री दोनपर्यंत डोळा लागेना. "एक ओढा, सगळे थांबेल," असा सल्ला देणारे सहकारी होतेच. कारखान्याच्या डॉक्टरांनी मात्र दिवसाकाठी किती चहा होतो, एवढेच विचारले. उत्तर होते नऊ कप.

तंबाखूच्या धुरातली काही संयुगे यकृतातल्या 'सीवायपी१ए२' या विकराचे प्रमाण वाढवतात आणि चहातले कॅफीन मोडण्याचे काम मुख्यतः हेच विकर करते. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याचे शरीर कॅफीनचा निचरा झपाट्याने करते. धूर थांबला की काही दिवसांतच हा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहाने रक्तातले कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. एका कपात ४० मिलिग्रॅम कॅफीन धरले, तर नऊ कपांचे ३६० मिलिग्रॅम होतात. सिगारेट सुटल्यावर तेच नऊ कप या गृहस्थांना सतरा-अठरा कपांसारखे चढत होते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे. म्हणून निकोटीनचे च्युइंगगम चघळणाऱ्यालाही तो चुकत नाही.

दोन्ही त्रास वेगळे ओळखण्यासाठी त्यांनी खिशात डायरी ठेवली. तलफ लाटेसारखी येई आणि काही मिनिटांत सरे. चहाची अस्वस्थता कप रिकामा झाल्यावर तासाभरात चढे आणि बराच वेळ मुक्काम ठोके. चहा एकदम तोडला तर डोके दुखते, म्हणून त्यांनी दर दोन दिवसांनी एक कप कमी केला आणि दुपारी तीननंतरचा चहा बंद केला. चार कपांवर आल्यावर धडधड थांबली. झोपेची तक्रार मात्र पूर्ण जायला आणखी काही आठवडे लागले, कारण निकोटीन तुटल्यानेही झोप मोडते. दम्यासाठी दिले जाणारे थिओफिलिनही याच विकराने मोडते, त्यामुळे ते घेणाऱ्याने सिगारेट सोडताना डॉक्टरांना सांगून मात्रा तपासून घ्यावी, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

आठव्या महिन्यात पन्हाळ्यावर, पावसात भाजलेले कणीस खाताना, पुन्हा तीव्र तलफ आली. तेव्हा रक्तात ना निकोटीन उरले होते, ना जास्तीचे कॅफीन. ती केवळ त्या जागेशी जोडलेली आठवण होती. डायरीत तिची वेळ नोंदवेपर्यंत ती ओसरली.

मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले, "मावा सोडला तरी चहा असाच चढतो का?" मावा जळत नाही, त्याचा धूर होत नाही, त्यामुळे हा चहाचा घोळ त्यात नसतो, तिथे गाठ निकोटीनशीच असते, असे त्यांनी उत्तर दिले.