सणाच्या आदल्या रात्रीचे गीत

सणाच्या दिवसाचे नव्हे, तर त्याच्या आदल्या रात्री घरात चाललेल्या तयारीचे वर्णन करणारे गीत. मराठीत अशी गीते बहुतेक दिवाळीशी जोडलेली असतात आणि केर काढणे, सारवण, रांगोळी व पणत्या ही त्यांची ठरलेली चित्रे. सण अजून उगवलेला नसतो, त्यामुळे या गीतात उत्सव नसतो, वाट पाहणे असते. आरती किंवा ओवाळणीच्या गाण्यापासून ते इथेच वेगळे होते.

या गीताची घडण समजायला जात्यावरची ओवी हेच सर्वांत चांगले उदाहरण आहे. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत जात्यावरचे काम वाढायचे. अनारशाचे तांदूळ, लाडवाची डाळ, चकलीची भाजणी हे सारे घरीच दळले जाई, तेही रात्री उशिरा किंवा पहाटे, दिवसाची कामे उरकून. गाणारीचे हात जात्यावर आणि डोळ्यांसमोर उरलेली कामे, अशी स्थिती. म्हणून या ओव्यांत सणाचे वर्णन सहसा कामांच्या क्रमाने येते. ओवीचा साचाही त्याला सोयीचा आहे: दोन ओळी, शेवटी यमक, आणि प्रत्येक ओवी स्वतःपुरती पूर्ण. एक ओवी म्हणजे एक काम. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून अशा जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तो संग्रह एक लाखाहून मोठा आहे.

रचना कशी उभी राहते हे पाहण्यासाठी या नोंदीपुरत्या रचलेल्या चार ओव्या:

झाडलं माळवद, झाडले चारी कोन
कोळ्याचं घरकूल, मोडताना थबके मन

सारवलं अंगण, पाऊल ठेवू नका कोणी
उंबऱ्याशी थांब बाळा, वाळू दे शेणपाणी

ठिपके मांडले बाई, एक ओळ राखली रिती
लेक येईल पहाटं, जोडील आपल्या हाती

पणत्या पाण्यात निजल्या, वाती ताटात मांडल्या
काडी राहू दे दिवळीत, चांदण्या नाही मावळल्या

क्रम असा आहे कारण कामाचाच क्रम असा असतो. वरचे जाळे आधी झाडायचे, नाहीतर सारवलेल्या जमिनीवर धूळ पडते. सारवण वाळल्याशिवाय रांगोळी घालायची नाही. ओल्या शेणावर पांढरी पूड ओढली जाते, रेघ करडी होते आणि फुटते. पणत्यांचे काम शेवटी. कोरी पणती भाजलेल्या मातीची असल्याने तेल पिते आणि वात लवकर विझते, म्हणून ती काही तास पाण्यात बुडवून ठेवतात, मग पालथी घालून निथळू देतात. चौथ्या ओवीतल्या ‘निजल्या’ या शब्दाला आधार या भिजवण्याचा आहे. हा व्यवहार माहीत नसलेल्याला तो नुसता कल्पनाविलास वाटेल.

क्रियापदांकडे पाहिले की गीत खरोखर आदल्या रात्रीचे आहे की नाही, ते कळते. कामे भूतकाळात आहेत: झाडलं, सारवलं, मांडले. आनंद भविष्यकाळात आहे: येईल, जोडील. मध्ये आज्ञार्थ येतो, आणि तो बहुधा थांबवण्याचा असतो: ठेवू नका, वाळू दे, राहू दे. दिवा लावल्याचे क्रियापद आले की रात्र संपते. या प्रकारातली सर्वांत सामान्य चूक हीच आहे. पहिल्याच कडव्यात हजार दिवे पेटतात, मग पुढच्या कडव्यांना उजळण्यासारखे काही उरत नाही आणि केरसुणी नंतर आलीच तर ती विसरून राहिल्यासारखी दिसते. न पेटलेली पणती हे या गीताचे खरे चित्र आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तिसऱ्या ओवीतली रिती ओळ हे रांगोळीचे नेहमीचे चित्र नाही, पण ठिपक्यांच्या रांगोळीच्या स्वभावातून ते निघते. आधी सारे ठिपके मांडतात, मग ते जोडतात, आणि या दोन कामांत हवे तेवढे अंतर ठेवता येते. दिवाळी हा लेकीने माहेरी येण्याचा सण असल्याने ते अंतर तिच्यासाठी राखणे स्वाभाविक ठरते. मुक्तहस्त रांगोळीत अशी जागा सापडणे कठीण. ती एका हाताची, एका बैठकीची असते.

आकाशाचाही विचार करावा लागतो. नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान पहाटे होते, म्हणून दिवाळीची ‘आदली रात्र’ म्हणजे आश्विन वद्य त्रयोदशीची रात्र. त्या रात्री चंद्र पहाटेच्या सुमारास, तोही कोरीसारखा उगवतो. तेव्हा अंगणभर टिपूर चांदणे सांडलेले दाखवणारे गीत तिथीलाच चुकते. चांदण्या चालतील, चांदणे नाही. गुढीपाडव्याची आदली रात्र तर अमावास्येचीच. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून तिची पूजा करतात, पण ती आश्विन अमावास्येला. त्रयोदशीच्या रात्री घरात राबते ती जुनी, झिजलेली केरसुणी, आणि गीतातही तीच यावी.

झाडलोट आणि दिवा यांचे दुसरे, अध्यात्मिक रूप संतवाङ्मयात आहे. शके 1212 मधील ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतो की अविवेकाची काजळी काढून मी विवेकाचा दिवा उजळतो, आणि तेव्हा योग्यांना निरंतर दिवाळी होते. हे रूपक इतके पक्के बसण्याचे कारण म्हणजे काजळी दुसरीकडे कुठे नाही, दिव्यावरच आहे. पुसणे आणि उजळणे एकाच वस्तूवर घडते. पुढे ‘मनाचा केर काढा, ज्ञानाचा दिवा लावा’ अशा धर्तीची जी गीते झाली, त्यांत केर एकीकडे आणि दिवा दुसरीकडे राहतो. मग अर्थ सांगावा लागतो, तो दिसत नाही. ओवी या वाटेने सहसा जात नाही. तिच्यात कोन म्हणजे घराचा कोन. कोळ्याचे घर मोडताना मन आपल्या स्वतःच्या घराच्या विचाराने थबकले आहे की सासरी गेलेल्या लेकीच्या घराच्या विचाराने थबकले आहे, हे ती सांगत नाही, आणि सांगू नये.

फरशीची घरे आल्यावर या गीताचा दुसरा टप्पा सर्वांत आधी गळाला. पुसलेली फरशी काही मिनिटांत वाळते. तिथे उंबऱ्यावर मुलाला थोपवून धरण्याइतका वेळच नसतो. तयार ठशांच्या आणि चिकटवायच्या रांगोळीने तिसऱ्या टप्प्यातली रिती ओळही नाहीशी केली. पणत्या मात्र अजून भिजवाव्या लागतात. त्यामुळे आजच्या घरावर असे गीत रचणाऱ्याला थांबण्याची जागा बहुतेक तिथेच, स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या घमेल्याशी सापडते. दुसरी जागा आकाशकंदिलाची: तो आधीच टांगलेला असतो, आणि बटण दाबायचे राहिलेले असते.